बॉक्सवर ५४००, हातात ३००: ताईच्या घरचं वायफाय (प्रकल्प नोंदी)

७ जून २०२५, शनिवार

जागा: डोंबिवली, ताईचा टू बीएचके. फायबरचा प्लॅन ५०० एमबीपीएसचा. जुना राउटर एसी१२०० होता, त्यावर ताईच्या लॅपटॉपला २८० च्या आसपास मिळायचं, म्हणून भाऊजींनी मागच्या महिन्यात साडेआठ हजारांचा नवीन एएक्स५४०० आणला, आठ पायांच्या कोळ्यासारखा दिसणारा. आता मिळतंय ३००. म्हणजे साडेआठ हजारात वीस एमबीपीएस वाढले, आणि भाऊजींचं म्हणणं असं की इंटरनेटवाला चोर आहे.

इंटरनेटवाल्याचा माणूस शुक्रवारी येऊन गेला होता. त्याने स्वतःचा लॅपटॉप लॅन केबलने राउटरला लावला, स्पीड टेस्ट चालवली, ४९० आले, "आमच्याकडून ओके आहे साहेब" म्हणाला आणि गेला. खरं तर त्याने अर्धं काम करून ठेवलं. केबलवर ४९० येतायत म्हणजे लाइन ठीक, राउटरच्या आतपर्यंत सगळं ठीक, गडबड आहे ती राउटर ते लॅपटॉप या हवेतल्या चार मीटरमध्ये.

आज एकच काम केलं, लॅपटॉप राउटरच्या समोर टीपॉयवर ठेवला, कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि हे टाइप केलं:

```
netsh wlan show interfaces
```

आलेल्यातल्या कामाच्या ओळी एवढ्याच:

```
Radio type             : 802.11ac
Channel                : 44
Receive rate (Mbps)    : 433.3
Transmit rate (Mbps)   : 433.3
Signal                 : 94%
```

सिग्नल ९४ टक्के, म्हणजे याहून जवळ जायला आता राउटरच्या मांडीवरच बसावं लागेल, आणि तरी ४३३. हा ४३३ आकडा ओळखीचा करून घ्या, कारण तो कधी ४३१ किंवा ४४० असा येत नाही. ८०२.११एसी म्हणजे वायफाय ५ मध्ये ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर एका स्ट्रीमची कमाल मर्यादा ४३३.३ आहे. स्ट्रीम म्हणजे हवेत एकाच वेळी समांतर चालणारी डेटाची एक लेन. दोन स्ट्रीम असत्या तर ८६६.७ दिसलं असतं. तेव्हा ४३३ वर चिकटलेला लॅपटॉप म्हणजे एका स्ट्रीमचा लॅपटॉप, यात शंका घ्यायला जागाच नाही. तरी खात्रीसाठी:

```
netsh wlan show wirelesscapabilities
```

यात खूप काय काय येतं, त्यातल्या दोन ओळी शोधायच्या:

```
Number of Tx Spatial Streams    : 1
Number of Rx Spatial Streams    : 1
```

डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाचं नाव RTL8821CE. स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये हे खूप दिसतं आणि ते आहेच एका स्ट्रीमचं, त्यात बिघाड काही नाही. ताईचा लॅपटॉप ४२ हजारांचा, प्रोसेसर चांगला, रॅम चांगली, एसएसडी चांगली, आणि वायफायमध्ये कंपनीने हात आखडता घेतलेला. बॉक्सवर नुसतं "वायफाय ५" लिहिलंय, किती स्ट्रीम ते कुठेच नाही.

८ जून, रविवार

भाऊजींना ५४०० चा हिशोब हवा होता, तो कागदावर करून दिला, इथेही टाकतो.

एएक्स५४०० मधलं एएक्स म्हणजे वायफाय ६, आणि ५४०० म्हणजे दोन बँडची बेरीज, २.४ गिगाहर्ट्झचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झचे ४८०४, झाले ५३७८, वर गोल करून ५४००. आता लॅपटॉप किंवा फोन एका वेळी एकाच बँडवर जोडलेला असतो, तेव्हा ५७४ पहिल्याच पायरीवर गेले. उरले ४८०४. हे ४८०४ चार स्ट्रीमचे आहेत आणि तेही १६० मेगाहर्ट्झ रुंद चॅनल धरून. समोरचं उपकरण दोन स्ट्रीमचं असेल तर निम्मे, २४०२. चॅनल ८० चा असेल (बहुतेक घरांत तोच असतो, आणि बरेच फोन ५ गिगाहर्ट्झवर त्याच्या पुढे जातच नाहीत) तर परत निम्मे, १२०१. एकच स्ट्रीम असेल तर ६००. आणि तो एक स्ट्रीमही मागच्या पिढीतला, म्हणजे एसीचा असेल तर ४३३. ताईचा लॅपटॉप या जिन्याच्या अगदी खालच्या पायरीवर बसलाय.

आणि ४३३ हा सुद्धा हवेतला वेग, फाईल डाउनलोडचा नाही. वायफायवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, प्रत्येक वेळी थांबून कोणी बोलतंय का ते ऐकायचं, मग पाठवायचं, मग पोच यायची, यात बराच वेळ जातो. जवळून, चांगल्या सिग्नलवर साधारण ६५ ते ७० टक्के हातात पडतात. ४३३ चे ७० टक्के म्हणजे ३०३. स्पीड टेस्टला ३०० येत होते. राउटर त्याचं काम चोख करतोय, लॅपटॉपही, तक्रारीला जागा नाही.

भाऊजी म्हणाले, "मग त्या राउटरच्या चार अँटेना काय शोभेला आहेत का?" प्रश्न रास्त आहे म्हणून दुपारी जुना राउटर माळ्यावरून काढला आणि तपासलं. राउटर हॉलमध्ये त्याच जागी, चॅनल तोच, लॅपटॉप आतल्या बेडरूममध्ये, मध्ये दोन भिंती. जुना राउटर दोन अँटेनांचा, त्यावर लॅपटॉपचा Receive rate १९५ आणि २६० मध्ये हेलकावे खात होता आणि प्रत्यक्ष डाउनलोड १४० च्या आसपास. नवीन राउटरवर तोच लॅपटॉप ३२५ ते ३९०, प्रत्यक्षात २३० च्या पुढे.

म्हणजे जादाच्या अँटेना नवीन लेन उघडत नाहीत, कारण लेन दोन्ही बाजूंना हव्यात आणि ज्याच्याकडे कमी त्याचा आकडा चालतो. पण एकच स्ट्रीम चार अँटेनांमधून जुळवून पाठवता येतो, जेणेकरून लॅपटॉपच्या जागी लाटा एकमेकींत मिळून जोर वाढतो, आणि लॅपटॉपकडून येणारं क्षीण बोलणं चार कानांनी ऐकून एकत्र करता येतं. त्यामुळे लांबच्या खोलीत फायदा दिसतो, राउटरसमोर बसलं की दिसत नाही, कारण तिथे ४३३ चं छप्पर आधीच डोक्याला लागलेलं असतं. भाऊजींनी स्पीड टेस्ट कायम हॉलमध्ये राउटरखाली उभं राहूनच केली होती.

एक टीप: Receive rate बघताना मागे काहीतरी डाउनलोड चालू ठेवा. लॅपटॉप रिकामा बसला की तो आकडा खाली येतो आणि मग ६ किंवा २४ असलं काहीतरी बघून उगाच धडकी भरते.

११ जून, बुधवार

फोन. घरात सध्या तीन.

ताईचा आयफोन, दोन स्ट्रीमचा, ८० मेगाहर्ट्झ, एएक्स. आयफोन लिंक स्पीड दाखवत नाही, पण राउटरच्या ॲपमध्ये क्लायंटच्या नावाखाली १२०१ दिसतं. स्पीड टेस्टला ४८५, म्हणजे प्लॅनची मर्यादा आली. आता हे भाऊजींनी आधीच बघितलं असतं तर इंटरनेटवाल्याला चोर म्हणायची वेळ आली नसती, पण ताईचा फोन घरात कोणाला मिळत नाही.

भाऊजींचा अँड्रॉइड, अठरा हजारांचा. सेटिंगमध्ये वायफायच्या नावावर टॅप केलं की लिंक स्पीड दिसतो: ४३३. एक स्ट्रीम. टेस्टला ३०५.

माझा फोन तीन वर्षं जुना, ८६६, दोन स्ट्रीम पण एसी. टेस्टला ४८० च्या वर, प्लॅनच संपला.

चार अँटेनांचा फोन का नसतो, हे भाच्याने विचारलं. प्रत्येक स्ट्रीमला नुसती अँटेना पुरत नाही, मागे त्याची स्वतःची रेडिओची साखळी लागते, ॲम्प्लिफायर लागतो, आणि तो बॅटरी खातो. त्यात अँटेना एकमेकींना चिकटून ठेवून उपयोग नाही, दोघींनी वेगळं ऐकलं पाहिजे तर निदान अर्ध्या तरंगलांबीचं अंतर हवं. ५ गिगाहर्ट्झला ते पावणेतीन-तीन सेंटिमीटर, २.४ ला सव्वासहा. फोनच्या कडेला आधीच मोबाइल नेटवर्कच्या, जीपीएसच्या, ब्लूटूथच्या अँटेनांची दाटी असते. त्यामुळे महागड्या फोनातही दोनच, आणि स्वस्तात एक. फोनला घरी काही करता येत नाही, तो विषय इथेच सोडला.

लॅपटॉपचं मात्र करता येतं. मागचं झाकण उघडलं की कार्ड बदलता येतं, निदान ताईच्या मॉडेलमध्ये. एएक्स२१० ऑर्डर केलं, २१०० रुपये.

कोणी हेच करणार असेल तर ऑर्डरच्या आधी तीन गोष्टी बघा. कार्ड सॉकेटमध्ये आहे की बोर्डवर सोल्डर केलेलं आहे (सोल्डर असेल तर विषय संपला). लॅपटॉप एएमडीचा आहे की इंटेलचा, कारण एएक्स२०१ आणि एएक्स२११ या कार्डांचं अर्धं डोकं इंटेलच्या ठराविक प्रोसेसरमध्येच असतं, ती दुसरीकडे चालत नाहीत; एएक्स२०० आणि एएक्स२१० मात्र पूर्ण कार्डं आहेत. ताईचा एएमडीचा, म्हणून २१०. आणि तिसरं, काही जुने लॅपटॉप बायोसमध्ये मंजूर कार्डांची यादी ठेवतात, यादीबाहेरचं कार्ड लावलं तर चालूच होत नाहीत, तेव्हा आपल्या मॉडेलवर आधी कोणी बदललंय का ते शोधून घ्या.

१४ जून, शनिवार

कार्ड आलं. झाकण उघडायला दहा स्क्रू, त्यातले दोन मागच्या रबरी पट्टीखाली दडवलेले, ते लक्षात येईपर्यंत झाकणाची एक खुंटी कट्ट करून गेली. जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने उचकटलं. उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, बाकी सगळं नंतर.

आणि मग दिसलं ते. जुन्या कार्डाला एकच काळी वायर. मी दुसरी कुठे टेपखाली गुंडाळून ठेवलीय का ते बिजागरीपर्यंत बोट फिरवून बघितलं, नाही. कंपनीने कार्ड एका स्ट्रीमचं दिलं आणि अँटेनाही एकच बसवली, स्क्रीनच्या कडेला दुसरीची जागा असेलही पण वायर काही खाली आलेली नाही.

तरी नवीन कार्ड बसवलं, एकच वायर लावून, बघू तरी म्हटलं. ड्रायव्हर टाकला (ब्लूटूथचा ड्रायव्हर वेगळा असतो, तो विसरला की माउस चालत नाही आणि घरात आरडाओरडा होतो). मग:

```
Number of Tx Spatial Streams    : 2
Number of Rx Spatial Streams    : 2
```

इथे फसायला होतं. विंडोजला कार्ड जे सांगतं ते विंडोज छापतं, कार्डाला वायर जोडलीय का नाही ते त्याला काय माहीत. राउटरलाही कार्ड हेच सांगतं की मी दोन स्ट्रीमचं आहे, मग राउटर बिचारा दोन स्ट्रीम पाठवून बघतो, पोच येत नाही, परत एकावर येतो, परत प्रयत्न करतो. टीपॉयवरून Receive rate ४८०, ५४०, ६००, मधूनच ४३२, सारखा हलता. ६०० ही एएक्समध्ये ८० मेगाहर्ट्झवर एका स्ट्रीमची मर्यादा, आणि त्याच्या वर तो एकदाही गेला नाही. आयपर्फवर ३६० ते ४१०, एक मिनिट चांगलं तर पुढचं वाईट.

आयपर्फ म्हणजे घरातल्या घरात वेग मोजायला. माझा लॅपटॉप केबलने राउटरला, त्यावर पहिली ओळ. ताईच्या लॅपटॉपवर दुसरी, त्यातला 192.168.0.50 हा माझ्या लॅपटॉपचा पत्ता. यात इंटरनेट येतच नाही, त्यामुळे प्लॅनची ५०० ची मर्यादा आड येत नाही.

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.0.50 -R -P 4 -t 30
```

तर सध्याची स्थिती: २१०० रुपये खर्च, एकच अँटेना, ४३३ चे ६०० झाले. नव्या पिढीमुळे वाढलं तेवढंच.

१७ जून, मंगळवार

ऑनलाइन मागवलेल्या अँटेना आल्या, १८० रुपयांना जोडी, पानावर लिहिलं होतं "लॅपटॉप वायफाय अँटेना". कनेक्टर बसेना. जुन्या, मोठ्या कार्डांचा कनेक्टर मोठा असतो, त्याला बाजारात आयपेक्स १ म्हणतात, आणि या टिकलीएवढ्या एम.२ कार्डांना लागतो तो बारीक, एमएचएफ४ किंवा आयपेक्स ४. डोळ्यांना दोन्ही सारखेच, सोनेरी टिकल्या, पण एक दुसऱ्यावर बसत नाही आणि जोर लावला तर कार्डावरची टिकली सपाट होते आणि कार्ड गेलं. जोर लावला नाही. परत पाठवायचा खर्च वस्तूच्या निम्मा निघाला म्हणून तशाच ड्रॉवरमध्ये टाकल्या.

२१ जून, शनिवार

लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोडला उतरून पावसात. तिसऱ्या दुकानात काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "मोठं तोंड की बारीक?" एवढ्या एका वाक्यात मंगळवारचा गोंधळ सुटला. बारीक तोंडाची जोडी साडेतीनशेला. पातळ पट्टीसारख्या, मागे गोंद, वायर अंदाजे तीस सेंटिमीटर.

संध्याकाळी बसवली. जोडीतली एकच वापरली, कंपनीची काळी वायर तशीच ठेवली, कारण ती स्क्रीनच्या वर आहे आणि ती जागा उत्तम आहे.

आता नवीन पट्टी चिकटवायची कुठे, यात अख्खी संध्याकाळ गेली. पहिल्यांदा तळाच्या झाकणाला आतून, बॅटरीच्या शेजारी, कारण तिथे सपाट जागा होती. झाकण लावलं, चालू केलं, Receive rate ५७६. दोन स्ट्रीमच्या कोष्टकात ५७६ आहे, एका स्ट्रीमच्या नाही, म्हणजे दुसरा स्ट्रीम चालू झाला होता पण खूप खालच्या दर्जावर, शेवटी दोन अर्धवट मिळून एका चांगल्याएवढं. बॅटरीचं आवरण धातूचं, त्याला चिकटून अँटेना ठेवली की ती बहिरी होते. वर ताई लॅपटॉप मांडीवर घेऊन बसते, म्हणजे तळाची अँटेना एका बाजूला धातू आणि एका बाजूला माणूस यांच्यामध्ये.

परत उघडलं. या वेळी उजव्या बिजागरीजवळ, जिथे बॉडी प्लास्टिकची आहे आणि आजूबाजूला पत्रा नाही. वायर पंख्याच्या कडेने फिरवली, पात्यांना लागणार नाही अशी टेपने दाबली. पट्टी उभी चिकटवली, स्क्रीनवरची आडवी आहे, दोघी वेगवेगळ्या रोखाने असल्या तर वेगळं ऐकायला मदतच होते.

```
Radio type             : 802.11ax
Channel                : 44
Receive rate (Mbps)    : 1201
Transmit rate (Mbps)   : 1201
Signal                 : 93%
```

आयपर्फवर ८२० ते ८४०. स्पीड टेस्टला ४९०, जे केबलवर येत होते तेच. बेडरूममधून लिंक ७२० ते ८६४, आयपर्फ ५०० च्या आसपास, म्हणजे आता दोन भिंतींपलीकडेही प्लॅन जवळजवळ पूर्ण मिळतो.

ताईचं मत: "मला तर काहीच फरक वाटत नाहीये रे." तिचं दिवसभर टीम्स आणि एक्सेल चालतं, त्याला ५० एमबीपीएसही रग्गड. खरं आहे. फरक पडला तो तिच्या ऑफिसच्या मोठ्या फाईल उतरवताना, आणि भाऊजींच्या मनःशांतीत.

२२ जून, रविवार

भाऊजींना आता १२०१ वरून २४०२ हवे झाले, कारण कार्डाला १६० मेगाहर्ट्झ येतं आणि राउटरलाही. करून बघितलं.

राउटरमध्ये रुंदी १६० केली. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय यादीतून गायबच झालं, आणि साधारण मिनिटाभराने आलं. हा बिघाड नाही. १६० ची पट्टी चॅनल ३६ पासून ६४ पर्यंत पसरते, आणि त्यातला ५२ ते ६४ हा वरचा अर्धा भाग रडारबरोबर वाटून घेतलेला आहे, म्हणून राउटरला आधी मिनिटभर गप्प बसून रडार नाही ना ते ऐकावं लागतं, आणि नंतर कधीही रडारसारखं काही ऐकू आलं की लगेच ती जागा सोडावी लागते.

लिंक २४०२ आली, भाऊजींनी स्क्रीनचा फोटो काढला. आयपर्फ: ९४१. आमच्या राउटरचे लॅन पोर्ट गिगाबिटचे आहेत, आणि गिगाबिट केबलमधून यापेक्षा जास्त जातच नाही. म्हणजे हवेत २४०२, भिंतीतल्या केबलला ९४१, आणि इंटरनेटला ५००. ८२० वरून ९४१ एवढीच कमाई.

आणि नुकसान: बेडरूममध्ये वेग उलट अस्थिर झाला. पट्टी दुप्पट रुंद केली की ताकद तेवढीच राहते पण गोंगाट दुप्पट गोळा होतो, शिवाय आजूबाजूच्या बिल्डिंगमधले अजून जास्त राउटर त्या रुंद पट्टीत येतात. जेवताना एकदा ५ गिगाहर्ट्झ परत मिनिटभर गेलं, भाच्याची मॅच तेव्हाच चालू होती. ८० वर परत आणलं. भाऊजींकडे फोटो आहे.

दुपारी एक प्रयोग केला, तो मला या सगळ्यात जास्त कामाचा वाटतो. लॅपटॉप एकटा: ८२०. भाऊजींचा एका स्ट्रीमचा फोन एकटा: ३०० (फोनवरही आयपर्फचं ॲप मिळतं). दोघं एकदम चालवले: लॅपटॉप ४०० च्या आसपास, फोन १४५. बेरीज ५४५.

कुठे गेले बाकीचे? हवा एकच आहे आणि ती वेळेने वाटली जाते. आमच्या राउटरने दोघांना जवळपास अर्धा-अर्धा वेळ दिला, त्या अर्ध्या वेळात लॅपटॉपने ८२० चे निम्मे काढले आणि फोनने ३०० चे निम्मे. फोन हळू आहे म्हणून तो हवा कमी अडवतो असं नाही, उलट तेवढाच डेटा न्यायला त्याला लॅपटॉपच्या पावणेतीन पट वेळ लागतो. काही राउटर वेळेऐवजी दोघांना सारखा डेटा द्यायला बघतात, तसं झालं तर गणित अजून वाईट: दोघांना २२०-२२०, बेरीज ४४०, आणि वेगवान लॅपटॉप हळू फोनच्या पातळीला.

चार स्ट्रीमचा राउटर दोन उपकरणांना एकाच वेळी वेगळे स्ट्रीम देऊ शकतो असं बॉक्सवर लिहिलंय, सेटिंगमध्ये एमयू-मिमो चालू करून तोच प्रयोग परत केला. बेरीज तेवढीच. त्यासाठी राउटरला दोघं नेमके कुठे आहेत ते सारखं मोजत राहावं लागतं, दोघांचे मार्ग पुरेसे वेगळे असावे लागतात, आणि फोन हातात घेऊन माणूस हलला की मोजलेलं शिळं होतं. आमच्याकडे फोन आणि लॅपटॉप एकाच सोफ्यावर होते.

२९ जून, रविवार

वरच्या प्रयोगाचा उपयोग टीव्हीवर केला. टीव्ही वायफायवर होता, एका स्ट्रीमचा, आणि रात्री सगळे घरी असताना तोच सर्वात जास्त वेळ चालू असतो. त्याला केबल टाकली, राउटरपासून टीव्हीच्या कपाटामागून, दहा मीटर, क्लिपा धरून २६० रुपये. टीव्हीचा लॅन पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचा निघाला (बऱ्याच टीव्हींचा तेवढाच असतो), त्यामुळे टीव्हीवरच्या स्पीड टेस्टला आधी १८० यायचे ते आता ९४ येतात, आणि भाऊजींनी लगेच विचारलं की हे उलटं कसं केलंस. फोर-केला २५ च्या आसपास पुरतात, ९४ खूप झाले. आणि टीव्ही हवेतून उतरल्यावर त्याचा वेळ बाकीच्यांना मिळाला: रात्री मॅच चालू असताना ताईच्या लॅपटॉपवर आयपर्फ आधी ६०० च्या आसपास यायचा, आज ७९०.

खर्च: कार्ड २१००, चुकीच्या कनेक्टरच्या अँटेना १८०, बरोबरच्या ३५०, केबल २६०. एकूण २८९०, लॅमिंग्टन रोडचा वडापाव वेगळा. झाकणाची तुटलेली खुंटी तशीच आहे, त्या कोपऱ्यात दाबलं की टक आवाज येतो. भाऊजींचा फोन अजून ४३३ वरच. पुढचा घेताना स्पेसिफिकेशनमध्ये "२x२" लिहिलंय का ते बघायचं त्यांना सांगितलंय, कारण नुसतं "वायफाय ६" लिहिलेला फोनही एका स्ट्रीमचा, ६०० वाला असू शकतो. ड्रॉवरमधल्या मोठ्या तोंडाच्या दोन अँटेना कोणाला हव्या असतील तर डोंबिवलीत येऊन घेऊन जा, फुकट.